सरकी ढेपीच्या वायद्यावर ईओएम वर पळतंय, भाव खरंच सहज चढतोय का?

मुनीम_अकोट

राम राम मंडळी. मी अकोट तालुक्यात एका ऑइल मिलमध्ये हिशेबाचं पाहतो. सरकीचं गाळप झालं की तेल लगेच टँकरनं जातं, ढेप मात्र गोदामात राहते. ती किती दिवस धरून ठेवायची हे मालक एनसीडीईएक्सचा वायदा पाहून ठरवतात. ढेपीच्या वायद्याचं चिन्ह `COCUDAKL`, त्यातलं शेवटचं AKL म्हणजे आपलं अकोलाच, त्यामुळे मालकांना तो घरचा भाव वाटतो.

माझ्या अ‍ॅपवर भावाखाली ईज ऑफ मूव्हमेंट लावता येतं. काही अ‍ॅपमध्ये तेच `EMV` नावानं दिसतं, माझ्याकडे `EOM` आहे. मला एवढं कळलंय की रेघ शून्याच्या वर असेल तर भाव फार व्हॉल्यूम न लागता वर जातोय, आणि खाली असेल तर तसाच सहज खाली घसरतोय. चालू महिन्याच्या वायद्यावर ही रेघ गेल्या आठवड्यापासून उभीच्या उभी वर गेलीय. भाव पाहावा तर रोज थोडाथोडाच वाढतोय, आधीही तेवढाच वाढत होता. मग रेघेला एवढी घाई कशाची? मालक म्हणतात, भाव सहज चढतोय म्हणजे ढेप थांबवू. मला सही करायची नाही, पण स्टॉकचा कागद माझ्याकडूनच जातो. जाणकारांनी सांगावं.

कारंजा_अडत

मुनीमजी, सोपं आहे. व्हॉल्यूम कमी आणि भाव वर, म्हणजे वर विकणारा कोणी नाही. विकणाराच नाही तर भाव सहज चढणार. मालक बरोबर बोलतात. ढेप धरा.

आणि वायदाच कशाला पाहता? मी हाच हिशेब आमच्या बाजार समितीच्या सोयाबीनला लावतो. पाटीवर रोज किमान भाव, कमाल भाव आणि आवक लिहिलेली असते. कमाल म्हणजे हाय, किमान म्हणजे लो, आवक म्हणजे व्हॉल्यूम. सोयाबीनचे वायदे सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले तेव्हापासून आमच्याकडे दुसरं साधन तरी काय होतं?

पुसदची_म्हैसवाली

मुनीमदादा, एवढंच सांगा की ढेप महागणार का? माझ्याकडे म्हशी आहेत. दुधाचा भाव डेअरीवाले वाढवत नाहीत आणि ढेपीचं पोतं दर खेपेला वरच. तुमची रेघ वर गेली म्हणजे मी आजच पोती भरून घेऊ का?

दारव्हा_एक

थांबा जरा, तिघंही.

मुनीमजी, आधी एक सांगा. तुम्ही लावलेला वायदा याच महिन्याच्या २० तारखेला संपणारा आहे का? आणि त्याच दिवसांत पुढच्या महिन्याच्या वायद्याचं व्हॉल्यूम किती होतं? हे दोन आकडे द्या. माझा अंदाज आहे की तुमच्या रेघेचं उत्तर भावात नाही, व्हॉल्यूमच्या रकान्यात आहे.

(पूर्वी नागपुरात एका ब्रोकरकडे कमोडिटीच्या टेबलावर होतो, आता गावी शेती पाहतो. ढेपीचा वायदा तेव्हा रोज डोळ्यांसमोर असायचा.)

मुनीम_अकोट

हो दादा, याच महिन्यात संपणारा आहे. व्हॉल्यूम तर खूपच कमी झालंय, आधीच्या तुलनेत अगदी किरकोळ. पुढच्या महिन्याचा वायदा उघडून पाहिला, तिथं मात्र भरपूर सौदे आहेत.

दारव्हा_एक

मग झालं. आता कागदावर करून पाहू. आकडे मी हिशोब सोपा पडावा म्हणून घेतोय, तुमच्या चार्टचे नाहीत.

ईओएमचा एका दिवसाचा आकडा तीन गोष्टींतून निघतो. आजच्या हाय-लोचा मध्य कालच्या मध्यापासून किती सरकला, आज हाय आणि लोमध्ये अंतर किती होतं, आणि व्हॉल्यूम किती झालं. पहिल्या दोघांचा गुणाकार, भागिले व्हॉल्यूम. अ‍ॅप त्याला कुठल्यातरी मोठ्या संख्येनं गुणतं, कारण नाहीतर दशांशानंतर शून्यांची रांग लागते. तो गुणक कोणी १०,००० घेतं, कोणी आणखी मोठा. म्हणून तुमच्या अ‍ॅपवरचा आकडा आणि माझ्या अ‍ॅपवरचा आकडा कधीच जुळणार नाही. आकड्याला स्वतःची किंमत नाही. त्याच मालाच्या मागच्या आकड्यांशीच त्याची तुलना करायची.

आता समजा महिन्याच्या सुरुवातीला एक दिवस. काल मध्य ३,२०० होता. आज हाय ३,२५०, लो ३,२१०, म्हणजे मध्य ३,२३०. मध्य ३० नं सरकला, अंतर ४०, गुणाकार १,२००. व्हॉल्यूम १,२०० लॉट. भागाकार आला १.

मग वायदा संपत येतानाचा एक दिवस घ्या. मध्य तसाच ३० नं सरकला, अंतर तेच ४०, गुणाकार तोच १,२००. पण व्हॉल्यूम राहिलं १५० लॉट. भागाकार ८.

भावानं दोन्ही दिवशी अगदी तेच केलं, आणि रेघ म्हणते आठपट सहज. अ‍ॅप १४ दिवसांची सरासरी काढतं. नऊ दिवस १ चे आणि पाच दिवस ८ चे धरले तर सरासरी ३.५ येते. १ वरची रेघ ३.५ वर गेली, तुमची उभी रेघ ती हीच. भाव तेवढाच वाढतोय असं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत, तेव्हाच मला शंका आली.

व्हॉल्यूम गेलं कुठं? कुठं गेलं नाही, पुढच्या महिन्यात सरकलं. शेवटच्या दिवसांत ज्याला डिलिव्हरी घ्यायची नाही किंवा द्यायची नाही तो आपला सौदा मिटवून पुढच्या वायद्यात उघडतो. त्याच दिवशी पुढच्या महिन्यात समजा १,०५० लॉट झाले आणि तिथंही मध्य ३० नं सरकला, अंतर ४०, तर तिथला आकडा येतो साधारण १.१४. दोन्ही महिन्यांचं व्हॉल्यूम मिळवलं तर पुन्हा १,२००, आणि आकडा पुन्हा १. अख्ख्या ढेपीच्या बाजाराला भाव चढवायला जेवढे सौदे आधी लागत होते तेवढेच आत्ताही लागताहेत.

वऱ्हाडी_पाटील

राजेहो, म्हंजे असं झालं की भरली बंडी अन् रिकामी बंडी. बैल तेच, चाल तीच. बंडी रिकामी केली तं बैल जोरात पयते, अन् आपन म्हन्तो बैलात दम आला! माल तं मागच्या बंडीत टाकला ना भाऊ.

दारव्हा_एक

पाटील 😄 बरोबर. फक्त ईओएम बैलाला पाहतच नाही, बंडीचं वजन आणि चाल पाहून बैलाबद्दल अंदाज करतो.

कारंजा_अडत

दारव्हाभाऊ, तुमचा हिशेब मान्य. पण मी म्हटलं त्यात चूक काय? व्हॉल्यूम कमी आहे म्हणजे चालू महिन्यात विकणारा नाहीच ना. तो पुढच्या महिन्यात गेला असेल, पण इथं तर नाही. मग चालू महिन्याचा भाव चढेलच.

दारव्हा_एक

अर्धं बरोबर आहे. इथं विकणारा कमी आहे. पण घेणारासुद्धा कमी आहे, तोही गेलाच की पुढच्या महिन्यात. ईओएम फक्त एवढं सांगतो की भाव सरकताना अडवणारं कोणी भेटलं नाही. मागणी होती असं तो सांगत नाही. वर कोणी विकत नव्हतं म्हणून भाव चढला की दोन्ही बाजूंना कोणी उभंच नव्हतं म्हणून दोन-चार सौद्यांनी भाव उचलला गेला, हे दोन्ही त्याला एकसारखेच दिसतात.

आणि इथं जुना वाद आहे. बहुतेक लोक शिकतात की तेजीला व्हॉल्यूमची साथ हवी, कमी व्हॉल्यूमची तेजी पोकळ. हा इंडिकेटर ज्यानं काढला तो रिचर्ड आर्म्स, तो नेमका उलट बाजूनं पाहत होता. त्याच्या इक्विव्हॉल्यूम चार्टवर प्रत्येक दिवस एक चौकट असते. चौकटीची उंची म्हणजे हाय-लोचं अंतर, रुंदी म्हणजे व्हॉल्यूम. उंच आणि बारीक चौकट म्हणजे भाव सहज सरकला. बुटकी आणि रुंद चौकट म्हणजे भरपूर माल हातोहात फिरला आणि भाव तिथंच राहिला, म्हणजे समोर कोणीतरी अडून बसलंय. ईओएम ही त्याच चौकटीची आकड्यात केलेली नोंद आहे. रोज भरपूर आणि बऱ्यापैकी एकसारखं व्हॉल्यूम असतं अशा मोठ्या शेअरमध्ये हे वाचन चालतं. तिथं व्हॉल्यूम कमी झालं तर त्याला कारण असतं. इथं व्हॉल्यूम तारखेमुळे कमी झालंय.

वणी_शेअरवाला

माझं जरा वेगळं आहे पण विषय हाच. मी एका स्मॉलकॅपमध्ये आहे, नाव टाकत नाही, लोक टिप समजतात. रोज सकाळी ५ टक्क्यांच्या अप्पर सर्किटला उघडतो आणि दिवसभर तिथंच बसतो. विकणारा एक नाही, खरेदीच्या ऑर्डरींची रांग लागलेली. याहून सहज भाव काय चढणार? आणि ईओएम सपाट शून्यावर! मला वाटलं अ‍ॅपच बिघडलंय. कस्टमर केअरला फोन केला, त्यांनी अ‍ॅप परत टाकायला सांगितलं.

दारव्हा_एक

अ‍ॅप ठीक आहे. सूत्रात हाय उणे लो गुणायचं असतं ना? तुमच्या शेअरला दिवसभरात एकच भाव लागला. काल १०० वर बंद, आज हाय १०५, लोही १०५. अंतर शून्य. शून्यानं गुणलं की मध्य कितीही सरकलेला असो, उत्तर शून्य. म्हणजे सर्वांत सहज चढलेला दिवस या सूत्राला सर्वांत निर्जीव दिवस वाटतो. खालच्या सर्किटलाही तसंच, पडताना दार बंद झालेलं असतं आणि रेघ म्हणते काही घडलंच नाही.

आणखी पुढं ऐका. ज्या दिवशी सर्किट उघडतं त्या दिवशी व्हॉल्यूम अचानक प्रचंड होतं. तेव्हा अंतर मोठं असूनही भागाकार लहान येतो. म्हणजे आधी शून्य, मग लहान. तुम्ही रेघ पाहून काही ठरवत असाल तर नका ठरवू.

वणी_शेअरवाला

मग हाय-लोच्या ऐवजी ट्रू रेंज घेतली तर? कालचा बंद भाव धरून मोजायचं. १०० ते १०५ म्हणजे ५. शून्य येणारच नाही. मी ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन भाषेत असं लिहिलंय, चालतंय:

```
//@version=5
indicator("EOM-TR")
len = input.int(14)
m = ta.change(hl2)
r = ta.tr(true)
e = volume > 0 ? 10000 * m * r / volume : na
plot(ta.sma(e, len))
hline(0)
```

दारव्हा_एक

चालतं, आणि शून्य व्हॉल्यूमच्या दिवसाची वेगळी सोय केलीत तेही बरं केलंत. पण मला ते पूर्ण पटत नाही. कालच्या बंदपासून आजची उडी मध्याच्या सरकण्यात एकदा मोजली गेलेलीच असते. ट्रू रेंजमध्ये तीच उडी दुसऱ्यांदा मोजली जाते. गॅपच्या प्रत्येक दिवशी रेघ फुगणार. तुमच्या शेअरला तेच हवंय म्हणून तुम्हाला बरं वाटतंय, ढेपीला लावलं तर एखादी रात्रीची बातमी रेघेवर १४ दिवस बसून राहील.

वणी_शेअरवाला

शून्य दाखवण्यापेक्षा फुगलेलं बरं. उडी खरी आहे ना?

दारव्हा_एक

उडी खरी आहे, सहजपणा किती ते नाही कळत. असो, यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

कारंजा_अडत

माझ्या बाजार समितीच्या हिशेबाबद्दल कोणी बोललंच नाही. त्यात ना एक्स्पायरी, ना सर्किट.

हिंगणघाट_ग्रेडर

मी बोलतो, कारण हे माझं रोजचं काम आहे. मी माल तपासतो, ओलावा आणि डागी दाणा पाहतो.

अडतभाऊ, वायद्यात सगळा माल एकाच प्रतीचा धरलेला असतो. तिथं हाय आणि लो म्हणजे त्याच मालाचा भाव दिवसात कुठून कुठं गेला. आपल्या हर्राशीत तसं नसतं. सकाळी पहिल्या ढिगाला ४,४०० लागले आणि शेजारच्या ढिगाला ३,२०० लागले, तर भाव बाराशेनं पडला नाही. शेजारचा माल पावसात भिजला होता. मुठीत दाबला तर दाणा चिकटतो, दाताखाली कट्ट वाजत नाही, मऊ दबतो. मशीन लावायच्या आधीच व्यापारी बोली खाली आणतो.

समजा काल किमान ४,०००, कमाल ४,४००. मध्य ४,२००. रात्री पाऊस झाला. आज ज्यांचा माल शेडमध्ये होता ते आले, त्यांना ४,४०० च मिळाले. एक-दोन ओले ढीग आले, त्यांना ३,२००. आजचा मध्य ३,८००. तुमच्या हिशेबात मध्य ४०० नं खाली, अंतर १,२००, आणि पावसामुळे आवक निम्मी, म्हणजे भागाकार आणखी मोठा. रेघ ओरडणार की सोयाबीन अगदी सहज पडतंय. चांगल्या मालाचा भाव एक रुपयानं हललेला नाही.

कारंजा_अडत

हे मात्र खरं आहे, पावसाळी दिवसांत माझी रेघ वेड्यासारखी खाली जाते. मग मी ती सोडून देतो. पण कमाल भावच रोज घेतला तर? किंवा सर्वसाधारण भाव?

हिंगणघाट_ग्रेडर

सर्वसाधारण भाव घेतलात तर प्रतीचा गोंधळ बराच कमी होईल. पण मग दिवसातलं अंतर कुठून आणणार? पाटीवर एकच आकडा राहतो. आणि आवक म्हणजे व्हॉल्यूम नाही हो. आवक ही फक्त आणणाऱ्याची बाजू. शेतकऱ्यानं माल आणला, भाव पटला नाही म्हणून ट्रॉली परत नेली, असंही होतं. पेरणीच्या आधी पैसे लागतात म्हणून आवक वाढते, पोळा-दिवाळीला वेगळी. त्याचा भाव अडण्याशी संबंध लावायला जरा ताण पडतो.

कारंजा_अडत

ताण पडतो, पण अजिबात नाही असं नाही. आवक दुप्पट होऊनही सर्वसाधारण भाव टिकला तर घेणारा भक्कम आहे हे मी डोळ्यांनी पाहतो. सूत्र बाजूला ठेवा, विचार तोच आहे.

हिंगणघाट_ग्रेडर

तो विचार मला मान्य आहे. सूत्रात घालायला आकडे नाहीत, एवढंच.

मुनीम_अकोट

दारव्हादादा, मग मी नेमकं कोणतं व्हॉल्यूम घेऊ? आणि अ‍ॅपवर एक "कंटिन्युअस" चार्टही आहे, त्यात महिना बदलला की आपोआप पुढचा वायदा लागतो. तो लावला तर प्रश्न सुटेल का?

दारव्हा_एक

तो लावलात तर नवा प्रश्न येईल. चालू महिन्याचा मध्य ३,२६० वर आणि पुढच्या महिन्याचा ३,३३० वर असेल, तर ज्या दिवशी चार्ट उडी मारतो त्या दिवशी सूत्राला मध्य ७० नं सरकलेला दिसतो. एकाही माणसानं त्या सत्तर रुपयांवर सौदा केलेला नाही. दोन वेगळ्या महिन्यांच्या भावातला तो फरक आहे. पण सरासरीत तो १४ दिवस राहतो. मग पंधराव्या दिवशी तो बाहेर पडला की रेघ अचानक घसरते आणि लोक विचारतात आज काय झालं. आज काही झालेलं नसतं. रेघ दचकली की आधी आजचा दिवस पाहायचा आणि मग १४ दिवसांपूर्वीचा. बऱ्याचदा उत्तर तिकडं सापडतं.

अ‍ॅप सोडा, एक्सेलमध्ये करा. एक्स्चेंजच्या साइटवर रोजची भावकॉपी मिळते, त्यात प्रत्येक महिन्याच्या वायद्याचे आकडे वेगवेगळे असतात. ज्या महिन्यात सर्वांत जास्त सौदे आहेत त्याचे हाय आणि लो घ्या. व्हॉल्यूम मात्र सगळ्या महिन्यांचं मिळून घ्या. व्हॉल्यूम लॉटमध्ये घ्या की टनात, सगळीकडे एकच ठेवा. लॉट १० टनांचा आहे, अर्धी शीट लॉटमध्ये आणि अर्धी टनात झाली तर मधोमध दहापट फरकाचा कडा दिसेल. B मध्ये हाय, C मध्ये लो, D मध्ये एकूण व्हॉल्यूम, मग:

```
E3:  =((B3+C3)/2-(B2+C2)/2)*(B3-C3)/D3
F16: =AVERAGE(E3:E16)
```

ज्या दिवशी महिना बदलाल त्या दिवसाच्या E च्या सूत्रात आदल्या ओळीच्या B आणि C च्या जागी नव्या महिन्याचेच कालचे आकडे हातानं घाला, आदल्या ओळीतले आकडे मात्र बदलू नका. तेवढं एक केलंत की ती खोटी उडी निघून जाते.

वऱ्हाडी_पाटील

हे सगयं करून समजा रेघ वर दिसली. मंग? मले सांगा, भाव वर गेल्यावरच रेघ वर जाते ना. मंग पुढचं कायनं समजते?

दारव्हा_एक

पाटील, पुढचं नाही समजत. आणि त्यात एक खोच आहे जी फार कमी लोक पाहतात. अंतर गुणाकारात असल्यामुळे उलथापालथीचा दिवस सहज वाटतो. मध्य ३० नं सरकला आणि अंतर ४० ऐवजी ८० असेल, व्हॉल्यूम तेच १,२००, तर आकडा १ ऐवजी २. म्हणजे ज्या दिवशी भाव वर-खाली आपटला आणि शेवटी तेवढाच सरकला, तो दिवस शांतपणे चढलेल्या दिवसाच्या दुप्पट सहज. मी टेबलावर असताना अशा दिवसाला कोणी सहज म्हणालं नसतं.

मला त्याचा उपयोग उलट बाजूनं वाटतो. भाव चढतोय, एकूण व्हॉल्यूमही वाढतंय, आणि रेघ शून्याकडे येतेय, असं दिसलं की कोणीतरी वरच्या भावाला मोठा माल ओततंय. ढेपीत हे नवा माल यायला लागला की दिसतं. गाळप जोरात सुरू झालं की मिलवाले वायद्यात विकतात, आणि चढायला आधीपेक्षा जास्त सौदे लागतात. पण तिथंही मी रेघेवर एकटीवर विसंबणार नाही.

मुनीम_अकोट

शीट केली. एकूण व्हॉल्यूम घेतल्यावर ती उभी रेघ गेलीच. शून्याच्या थोडी वर आहे आणि जवळजवळ सपाट. मालकांना दोन्ही रेघा शेजारीशेजारी छापून दिल्या. ते म्हणाले, "मग चालू महिन्याचा भाव चढतोय तो का चढतोय?" याला मी काय सांगू?

दारव्हा_एक

मालकांचा प्रश्न रेघेपेक्षा चांगला आहे. तीन गोष्टी एकत्र पाहा. चालू महिना चढतोय पण पुढचा महिना तिथंच असेल, तर ज्यांनी विकून ठेवलंय आणि ज्यांच्याकडे द्यायला ढेप नाही ते धावाधाव करून सौदे मिटवताहेत. तो भाव २० तारखेपर्यंतचा. दोन्ही महिने सारखेच चढत असतील आणि अकोल्याच्या हजर बाजारातही बोली वाढली असेल, तर मागणी आहे. आणि तिसरं, ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेले सौदे, सगळ्या महिन्यांचं मिळून वाढतंय की घटतंय. घटत असेल तर चढण जुने सौदे मिटल्यामुळे आहे.

मालकांकडे स्वतःची ढेप गोदामात आहे. पहिल्या प्रकारची चढण असेल तर माल थांबवण्याऐवजी याच महिन्यात देऊन मोकळं होणं त्यांना परवडेल, अर्थात त्यांची ढेप एक्स्चेंजच्या प्रतीत बसत असेल आणि ठरलेल्या गोदामात पोहोचत असेल तर. ते त्यांनी ब्रोकरला विचारावं.

पुसदची_म्हैसवाली

माझं उत्तर राहिलंच. पोती भरू की नको?

हिंगणघाट_ग्रेडर

ताई, तुम्हाला हजर भाव लागतो, वायद्याचा नाही. वर सांगितल्याप्रमाणे फक्त चालू वायदाच उड्या मारत असेल तर तुमच्या दुकानदारानं त्याचं नाव सांगून भाव वाढवला तरी दहा-पंधरा दिवस लागेल तेवढंच घ्या. आणि ढेप घेताना बुरशीचा वास घ्या, फोडून आतला रंग पाहा. पावसाळ्यात साठवलेली ढेप स्वस्त पडली तरी म्हशीला महाग पडते.

पुसदची_म्हैसवाली

दुकानदार परवाच वायद्याचं नाव घेत होता! बरं झालं विचारलं.

वणी_शेअरवाला

दारव्हादादा, ओपन इंटरेस्ट एवढं महत्त्वाचं असेल तर सूत्रात व्हॉल्यूमच्या जागी तेच का नाही भागायचं? वायद्यात तरी.

दारव्हा_एक

विचार केला होता कधीकाळी. ओपन इंटरेस्ट म्हणजे दिवसाच्या शेवटी उभे असलेले सौदे, व्हॉल्यूम म्हणजे दिवसभरात फिरलेले. भाव सरकवायला किती मेहनत लागली हे फिरलेल्या सौद्यांतून कळतं. उभ्या सौद्यांनी भागलं तर रेघ संथ होईल एवढं नक्की, पण ती काय मोजेल हे मला सांगता येणार नाही. ओपन इंटरेस्टमधला रोजचा बदल घेतला तर तो कधी उणेही असतो, मग चिन्हाचा गोंधळ. तुम्ही करून पाहा आणि चार्ट इथं टाका, एक्स्पायरीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा दोन्ही त्यात येऊ द्या.

वणी_शेअरवाला

टाकतो. पण ट्रू रेंज मी सोडणार नाही.